लॅन केबलच्या सांध्यात काय घडतं?

माझ्या बहिणीचं घर अलिबागच्या बाजूला आहे. राउटर तळमजल्यावर, पुढच्या खोलीत. भाचीचं कामाचं टेबल वरच्या मजल्यावर. भिंती चिऱ्याच्या आणि चांगल्या जाड, त्यामुळे वायफाय जिन्याच्या वर नीट पोचत नाही. म्हणून घर बांधतानाच भिंतीतल्या पाइपातून २२ मीटर लॅन केबल वर नेलेली होती. पुढे टेबल खिडकीपाशी सरकलं आणि ती केबल पुरेना. तेव्हा १५ मीटरची तयार केबल आणली गेली आणि दोन्हींच्या मधे एक कपलर बसला. कपलर म्हणजे अंगठ्याएवढी प्लास्टिकची डबी, दोन्ही बाजूंना एकेक खाच असलेली. दुकानात तिला जॉइनर म्हणतात. दोन केबलांची दोन टोकं दोन बाजूंनी खटकन बसवली की झालं.

पंधरवड्याने भाचीचा फोन आला. "मामा, जॉइनरमुळे स्पीड निम्मा झालाय. खाली राउटरला लॅपटॉप थेट लावला तर २०० येतात, वर ९४. बाबा म्हणतायत, सांधा आला की स्पीड जाणारच."

तिचं निरीक्षण शंभर टक्के खरं होतं आणि दोष कपलरमध्येच होता. पण "सांधा आला की स्पीड जाणारच" हे मात्र खरं नव्हतं. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात, हे समजलं की कपलरबद्दलचे बहुतेक समज-गैरसमज आपोआप सुटतात.

सुरुवात ९४ या आकड्यापासून करू. पाण्याच्या नळीला सांधा दिला की थोडं पाणी गळतं आणि टोकाला धार बारीक होते. लॅन केबलचंही तसंच असेल, असं आपण धरून चालतो. पण इथरनेटचा वेग असा थोडा थोडा कमी होत नाही. तो पायऱ्यांनी चालतो. नेहमीच्या घरगुती उपकरणांत या पायऱ्या तीन: १०, १०० आणि १००० एमबीपीएस. केबल लावल्याबरोबर राउटर आणि लॅपटॉप आपसांत ठरवतात की कोणत्या पायरीवर बोलायचं, आणि मग सगळं संभाषण त्याच पायरीवर होतं. मधली ८७० किंवा ४३० अशी पायरी नसतेच. आता १०० च्या पायरीवर प्रत्यक्ष कामाची माहिती किती जाते? तारेवर दर १५३८ बाइटांच्या जागेत आपल्या फाइलीचे १४४८ बाइट असतात, उरलेली जागा पत्ते, तपासणीचे आकडे आणि दोन पाकिटांमधली मोकळीक यांत जाते. म्हणजे ९४ टक्के. १०० पैकी ९४. भाचीने सांगितलेला आकडा हाच होता. तिचं इंटरनेट २०० चं, म्हणून तिला ते निम्मं झाल्यासारखं दिसलं. ५०० चं असतं तर पाचवा हिस्सा वाटला असता, आणि ८० चं असतं तर काहीच फरक कळला नसता. कपलरने वेग निम्मा केला नव्हता, लिंकला एक पायरी खाली उतरवलं होतं.

हे ताडून बघायला वेळ लागत नाही. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून एवढंच टाइप करायला तिला सांगितलं:

```
Get-NetAdapter
```

`LinkSpeed` या रकान्यात `100 Mbps` दिसलं. तिचा लॅपटॉप आणि राउटर दोन्ही गिगाबिटवाले, खाली थेट जोडल्यावर त्याच रकान्यात `1 Gbps` येत होतं. म्हणजे वाटेत काहीतरी तुटलेलं होतं. काय तुटलं असेल याचा अंदाजही या एका ओळीवरून बांधता येतो.

लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक जोडी पीळ दिलेली. शंभराच्या पायरीला यांतल्या फक्त दोन जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी. एक जायला, एक यायला. गिगाबिटला मात्र चारही लागतात, आणि प्रत्येक जोडीवरून एकाच वेळी दोन्ही दिशांना २५० एमबीपीएस वाहतात. पण गंमत अशी की कोणत्या पायरीवर बोलायचं याची सुरुवातीची बोलणी नारिंगी आणि हिरव्या जोडीवरूनच होतात. तिथे राउटर म्हणतो मला गिगाबिट येतं, लॅपटॉप म्हणतो मलाही येतं, आणि दोघं चारही जोड्यांवर सूर लावायला बसतात. निळी किंवा तपकिरी जोडी तुटलेली असेल तर सूर लागत नाही. बऱ्याच नेटवर्क चिप्स दोन-चारदा प्रयत्न करून मुकाट्याने शंभरवर उतरतात. काही चिप्स उतरत नाहीत, पुन्हा पुन्हा गिगाबिटचाच प्रयत्न करत राहतात. तेव्हा पोर्टचा दिवा लागतो, विझतो, परत लागतो आणि लिंक काही स्थिर होत नाही. एकाच तुटक्या तारेची ही दोन वेगळी रूपं, आणि दोन्हींमागे निळी-तपकिरीकडे बघायचं.

पुढच्या शनिवारी मी तिकडे गेलो. दोष कुठे आहे हे शोधायचं तर एकेक तुकडा वेगळा करून बघणं हाच सरळ मार्ग. १५ मीटरची केबल खाली नेऊन राउटर आणि लॅपटॉपच्या मधे एकटी लावली: `1 Gbps`. भिंतीतल्या २२ मीटरच्या वरच्या टोकाला लॅपटॉप थेट लावला: `1 Gbps`. दोन्ही केबल निर्दोष, म्हणजे उरला कपलर. टॉर्च मारून खाचेत पाहिलं. आत आठ सोनेरी पत्त्या ओळीने वर आलेल्या असतात, स्प्रिंगसारख्या. एका बाजूच्या खाचेत काठावरची आठवी पत्ती खाली दबलेली होती, आणि पहिलीही किंचित चेपलेली. आठवी म्हणजे तपकिरी जोडीतली तार.

दोन्ही काठाच्याच पत्त्या का दबाव्यात? भावजींना विचारलं, तर म्हणाले, "अरे, लँडलाइनची वायर वाढवता येते का बघत होतो याच जॉइनरने." टेलिफोनचा प्लग लॅनच्या प्लगपेक्षा अरुंद असतो आणि लॅनच्या खाचेत सहज शिरतो. पण त्याच्या दोन्ही कडांचं प्लास्टिक पहिल्या आणि आठव्या पत्तीवर रेटून बसतं, आणि त्या पत्त्या नेहमीसाठी वाकतात. पहिली पत्ती पूर्ण गेली असती तर नारिंगी जोडी तुटून लिंकच आली नसती आणि दोष तेव्हाच लक्षात आला असता. आठवी गेली म्हणून सगळं चालू राहिलं, फक्त एका पायरीने खाली. नवा कपलर लावला, `LinkSpeed` पुन्हा `1 Gbps` झालं, स्पीड टेस्ट २०० वर गेली. भावजींचा प्रश्न मात्र उरलाच होता, आणि तो रास्त होता: "चांगला जॉइनर असला तरी थोडं नुकसान होणारच ना?"

होतं. किती होतं ते मोजूनच बघू.

केबलमधून जाताना सिग्नलची ताकद कमी होते, ती डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल घट म्हणजे ताकद निम्मी, १० डेसिबल म्हणजे दहावा हिस्सा उरला. घट वारंवारतेबरोबर वाढते, म्हणून हिशेब १०० मेगाहर्ट्झला करतात. कॅट ५ई केबलची मर्यादा तिथपर्यंतच ठरवलेली आहे. शंभर मीटर कॅट ५ईमध्ये तिथे साधारण २२ डेसिबल जातात. दोन्ही टोकांचे सांधे आणि लवचीक केबलींची जास्तीची घट धरून मानकाने पूर्ण वाटेला २४ डेसिबलची परवानगी दिली आहे. २४ डेसिबल म्हणजे निघालेल्या ताकदीचा अडीचशेवा हिस्सा पोचणं, आणि गिगाबिट तेवढ्यावर चालेल अशाच बेताने रचलेलं आहे.

आता कपलर. त्यात सांधे दोन, प्रत्येक बाजूला एक. कॅट ५ईच्या मानकानुसार एका सांध्यात १०० मेगाहर्ट्झला जास्तीत जास्त ०.४ डेसिबल गेले तर चालतात. दोन्हींचे मिळून ०.८. म्हणजे नियमाच्या काठावरचा कपलरसुद्धा साडेतीन-चार मीटर जादा केबलएवढंच नुकसान करतो. बहिणीच्या घरचा हिशेब असा: भिंतीतल्या २२ मीटरचे सुमारे ५ डेसिबल, १५ मीटरच्या लवचीक केबलचे सुमारे ४, कपलरचे ०.८. सगळं मिळून दहाच्या आसपास. परवानगी २४ ची. ही लिंक मर्यादेच्या जवळपासही जात नाही, आणि पायरी खाली उतरायचं किंवा पाकिटं हरवायचं कारण या घटीत नाही.

ऑफिसच्या वायरिंगकडे पाहिलं तर हे आणखी पटतं. टेबलाखालून निघालेली केबल भिंतीतल्या सॉकेटमध्ये जाते, तिथे एक सांधा. भिंतीतून ती सर्व्हरच्या कपाटातल्या पॅचपॅनेलवर येते, तिथे दुसरा. पॅनेल दुहेरी असेल तर तिसरा. मानकाने एका वाटेत असे चार सांधे धरलेले आहेत आणि त्यावरच शंभर मीटरचा नियम बसवला आहे. घरी राउटरपासून लॅपटॉपपर्यंत एकच कपलर असेल तर दोनच सांधे झाले. एक गोष्ट मात्र लक्षात असावी: शंभर मीटर हे सगळ्या तुकड्यांचे मिळून. कपलर सिग्नलला नवी ताकद देत नाही, म्हणून ७० आणि ५० मीटरच्या दोन केबली जोडून १२० मीटरची वाट काढता येणार नाही. तिथे मधे स्विच हवा. तो सिग्नल वाचून नव्याने पाठवतो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

म्हणजे ताकद कमी होण्याची भीती बाजूला ठेवता येते. चांगल्या आणि वाईट कपलरमधला खरा फरक वेगळ्याच जागी आहे, आणि तो तारांच्या पिळात आहे.

जोडीतल्या दोन तारांना पीळ का देतात? एका जोडीचा सिग्नल शेजारच्या जोडीत झिरपू नये म्हणून. पिळामुळे शेजारच्या जोडीतल्या दोन्ही तारा आळीपाळीने जवळ येतात आणि जे झिरपतं ते दोन्हींवर सारखं होऊन रद्द होतं. प्लगमध्ये मात्र पीळ सोडून आठ तारा एका ओळीत आडव्या मांडाव्या लागतात. शिवाय त्या मांडणीत हिरवी जोडी फाटते: तिची एक तार तिसऱ्या जागी, दुसरी सहाव्या, आणि मधल्या चौथ्या-पाचव्या जागी निळी जोडी. दोन भावंडांच्या मधे परके बसल्यासारखं. म्हणून प्रत्येक लॅन प्लगमध्ये हिरवी आणि निळी एकमेकींत थोडी झिरपणारच. चांगल्या खाचेच्या मागे एक छोटी सर्किटपट्टी असते, तिच्यावरच्या रेषा मुद्दाम अशा काढलेल्या असतात की प्लगमध्ये झिरपलेलं नेमकं उलट होऊन बरंचसं पुसलं जावं. कपलरमध्ये असे दोन प्लग समोरासमोर येतात, तेव्हा ही दुरुस्ती दोन्ही बाजूंना लागते.

अगदी स्वस्त कपलरमध्ये ती पट्टी नसते. या बाजूच्या आठ पत्त्या सरळ त्या बाजूच्या आठ पत्त्यांना जोडलेल्या असतात, समांतर, पीळही नाही आणि दुरुस्तीही नाही. आश्चर्य म्हणजे गिगाबिट त्यावरूनही बहुतेक वेळा चालतं, विशेषतः अंतर कमी असेल तर. गिगाबिटची चिप आपला स्वतःचा प्रतिध्वनी आणि शेजारच्या जोडीतून आलेलं झिरपण सतत मोजून वजा करत असते, म्हणून ती असा सांधा सावरून घेते. पण अंतर वाढलं की समोरून येणारा सिग्नल क्षीण होतो, झिरपण मात्र तेवढंच राहतं, आणि सावरायला जागा उरत नाही. दहा गिगाबिटला तर केबलवर ४०० मेगाहर्ट्झपर्यंतची वारंवारता वापरली जाते, तिथे अशा कपलरवर विसंबू नये. त्यासाठी कॅट ६ए म्हणून विकला जाणारा, धातूच्या आवरणाचा कपलर घ्यावा, आणि लांब वाटेवर तर अखंड केबलच.

पीळ गेल्याने काय होतं हे कळलं की आणखी एका सवयीचा धोका उमगतो. केबल तुटली की तारा सोलून, एकमेकींना पिळून वरून काळी टेप गुंडाळायची, ही आपल्याकडे सर्रास चालणारी पद्धत. विजेच्या वायरला जे चालतं ते इथे चालत नाही. त्या टेपखाली बोट-दोन बोटं लांबीत जोड्यांचा पीळ मोडलेला असतो. कॅट ५ईला ही मोकळीक १३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. तारा एकमेकींना नुसत्या टेकलेल्या, त्यांच्यावर दाब ठेवणारी स्प्रिंग नाही. पहिल्या दिवशी गिगाबिट येतंसुद्धा. पुढे कधीतरी तांब्यावर थर धरतो आणि पाकिटं हरवायला लागतात. कोणताही मध्यम कपलर या टेपच्या सांध्यापेक्षा चांगला.

इथून प्रश्न वेगाकडून भरवशाकडे वळतो, आणि समुद्रकाठच्या घरात तोच मोठा आहे. कपलरमधला सांधा म्हणजे आठ बारीक पत्त्या प्लगच्या आठ पात्यांवर दाबून बसलेल्या. चांगल्या मालात त्यांच्यावर सोन्याचा मुलामा ५० मायक्रोइंच, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा थोडा जास्त जाड असतो. सोनं गंजत नाही, पण मुलामा नावापुरता असेल तर खारी दमट हवा खालच्या धातूपर्यंत पोचते. मग सांधा धड तुटतही नाही आणि धड टेकतही नाही. पंखा सुरू केला, केबल जरा हलली, की लिंक क्षणभर जाते. किंवा लिंक टिकते आणि मधली काही पाकिटं खराब होऊन पोचतात.

खराब पाकिटाचं काय होतं? प्रत्येक पाकिटाच्या शेवटी तपासणीचा ३२ बिटांचा आकडा असतो. तो जुळला नाही की घेणारी चिप ते पाकीट टाकून देते, आणि पाठवणाऱ्याला काही कळवत नाही. फाइल उतरवताना वरचं सॉफ्टवेअर हरवलेलं पाकीट पुन्हा मागतं आणि त्याच वेळी वाट भरली असेल असं समजून स्वतःचा वेगही कमी करतं. म्हणून शंभरात एखादं पाकीट हरवलं तरी वेग एक टक्क्याने नाही, कितीतरी जास्त पडतो. आणि इथे एक फसगत होते: `LinkSpeed` मध्ये `1 Gbps` दिसतं, स्पीड टेस्ट मात्र कधी १८०, कधी ४०. पायरी पूर्ण आणि आकडा हेलकावे खाणारा, असं दिसलं की सांधा हलका झाल्याची शंका घ्यावी.

तपासायला दोन आज्ञा पुरतात. दुसऱ्या ओळीतल्या आकड्यांच्या जागी आपल्या राउटरचा पत्ता घालायचा:

```
Get-NetAdapterStatistics | Format-List *
ping -n 500 192.168.1.1
```

पहिलीच्या उत्तरात `ReceivedPacketErrors` शोधायचं. निरोगी वाटेवर ते शून्य असतं आणि तासाभराच्या कामानंतरही शून्यच राहतं. हा आकडा फक्त लॅपटॉपकडे येणाऱ्या पाकिटांचा. उलट दिशेच्या चुका राउटर मोजतो, आणि घरगुती राउटर बहुधा त्या दाखवत नाहीत. म्हणून दुसरी आज्ञा: राउटरपर्यंत पाचशे फेऱ्या, आणि तारेवर एकही फेरी हरवायला नको. फेऱ्या चालू असताना कपलर बोटांनी हळूच हलवायचा. त्याच क्षणी एखादी फेरी हरवली तर दुखणं सापडलं.

सापडलेलं दुखणं प्रत्येक वेळी कपलरचंच असेल असं नाही. भिंतीतल्या केबलला आपण जागेवर प्लग क्रिम्प करतो, आणि ती केबल एकसंध जाड तारेची असते. तयार केबलमध्ये बारीक तारांचा जुडगा असतो. दोन्हींसाठी प्लगच्या पात्यांची घडण वेगळी. जुडग्यासाठीचा प्लग एकसंध तारेवर दाबला की पातं तारेच्या कडेवरून घसरतं, सुरुवातीला टेकतं आणि काही महिन्यांनी सुटतं. दोष मग कपलरच्या माथी मारला जातो. मला तर वाटतं, भिंतीतून आलेल्या केबलला प्लग लावूच नये. भिंतीवर सॉकेटची पेटी बसवून तारा तिच्या मागच्या फटींत दाबाव्यात आणि तयार केबल समोरून लावावी. एक सांधा कमी होतो आणि क्रिम्पिंगची कटकटही जाते. कपलर ही दुसऱ्या क्रमांकाची सोय, पण सोय खरी.

बहिणीकडे पेटी बसवायची तर चिरा फोडावा लागला असता, म्हणून कपलरच ठेवला. फक्त जागा बदलली. आधी तो खिडकीखाली, पावसाचे शिंतोडे येतात तिथे जमिनीवर पडला होता. आता भिंतीवर टेबलाच्या उंचीला, क्लिपने अडकवलेला आहे. केबलचं ओझं क्लिपवर, कपलरवर ताण नाही. लँडलाइनच्या वायरीसाठी भावजींनी वेगळा टेलिफोनचा जॉइनर आणला. तो लॅनला वापरू नये हे त्यांना तेव्हाच सांगितलं, कारण टेलिफोनच्या काही आठ पत्त्यांच्या जॉइनरमध्ये लॅनचा प्लग बसतो, पण तारा उलट क्रमाने जोडलेल्या असतात, पहिली आठवीला, आणि त्यातून इथरनेटची लिंक येत नाही.

त्या दिवशी गच्चीवरच्या कॅमेऱ्याचाही कपलर उघडून पाहिला. कॅमेऱ्याला वीज त्याच लॅन केबलमधून जाते, सुमारे ४८ व्होल्ट. कोरड्या, घट्ट सांध्याला एवढ्याने काही होत नाही. पण ओलसर पत्त्यांमध्ये चोवीस तास ४८ व्होल्ट राहिले की तांबं हळूहळू विरघळतं, मुलामा चढवण्याच्या हौदात होतं तसंच. डबीच्या एका बाजूच्या पत्त्यांवर हिरवी बुरशीसारखी पूड जमली होती आणि दोन पत्त्या अर्ध्या झिजल्या होत्या. कॅमेरा तरीही चालत होता, रात्री इन्फ्रारेड दिवे लागून वीज जास्त लागली की मात्र बंद पडायचा. तिथे कपलर बदलला नाही. राउटरपासून गच्चीपर्यंत ४० मीटरची अखंड केबल ओढली आणि जुनी काढून टाकली.